फोनमधलं काय मेमरी कार्डावर जातं आणि काय जात नाही

गणपतीच्या आदल्या आठवड्यात खानापूरला गेलो, तर मामांनी जेवणाआधीच फोन पुढं धरला. "बघ की रे जरा. फोटो काढायला गेलं की जागा नाही म्हणायलंय. कार्ड घालून आठ दिस झालं."

कार्ड ६४ जीबीचं होतं, नीट बसलेलं होतं आणि जवळजवळ पूर्ण रिकामं होतं. फोन भरला की पुढचं सगळं आपोआप कार्डावर उतरत जाईल, टाकी भरली की पाणी हौदात पडतं तसं, अशी मामांची समजूत. आमच्याकडं बऱ्याच जणांची हीच असते. अँड्रॉइडमध्ये तसं होत नाही. कार्ड घातलं तरी कॅमेरा, व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर हे सगळे जिथं आधी ठेवत होते तिथंच ठेवत राहतात. प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं, आणि काही जण सांगूनही ऐकत नाहीत. त्या दुपारी मामांच्या फोनवर जे केलं ते इथं क्रमानं लिहितो.

आधी हिशोब

Settings उघडून Storage मध्ये जा. मामांचा फोन धाकट्या मुलीनं कन्नडमध्ये लावून ठेवला होता, तिथं त्याला 'संग्रहणे' म्हणतात, त्यामुळं मराठी माणसालाही ओळखू येतं. फोन ३२ जीबीचा. त्यात अँड्रॉइड आणि कंपनीनं आधीच भरलेलं सामान १३.२ जीबी, अ‍ॅप ७.४, कॅमेऱ्याचे फोटो आणि व्हिडिओ ५, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं-गेलेलं ४.५ आणि डाउनलोड १.३. उरलेली जागा ०.६ जीबी.

हे आकडे कागदावर लिहून घ्या, कारण कुठं हात घालायचा ते त्यातूनच ठरतं. पहिले १३.२ तर विसरायचेच. तो फोनचा स्वतःचा संसार, तो कार्डावर जात नाही आणि कुठल्याही अ‍ॅपनं कमी होत नाही. मामांना वाटत होतं की अ‍ॅप कार्डावर टाकली की फोन हलका होईल. शेवटी सगळ्यात कमी जागा त्यातूनच मिळाली.

कार्ड घालताना

मामांच्या फोनच्या ट्रेमध्ये दोनच घरं होती. एक पहिल्या सिमचं, दुसऱ्यात एकतर दुसरं सिम नाहीतर कार्ड. सीमाभागात ही अडचण नेहमीची. मामा दहा वर्षं कोल्हापूरकडं कामाला होते, तेव्हाचा नंबर अजून बँकेला जोडलेला, आणि इथला नंबर घरच्यांसाठी. कार्ड घालायला त्यांनी कोल्हापूरचं सिम काढून डब्यात ठेवलं होतं आणि मग ओटीपी का येत नाही म्हणून बँकेत दोन खेपा मारल्या होत्या. ट्रेला तीन घरं असतील तर प्रश्नच नाही. दोनच असतील तर आधी बँकेतला नंबर बदलून घ्या, मगच सिम काढा. मामांचं ते सिम आम्ही मामींच्या साध्या फोनमध्ये घातलं.

नवीन कार्ड घातल्यावर काही फोन एक प्रश्न विचारतात, आणि घाईत तिथं काहीतरी दाबलं जातं. दोन पर्याय असतात. एकात Portable हा शब्द असतो, दुसऱ्यात Internal किंवा Phone storage. Portable घेतलं तर कार्ड पेटीसारखं राहतं: काढा, दुसऱ्या फोनला लावा, कॉम्प्युटरला लावा, फोटो दिसतात. दुसरा पर्याय २०१५ साली अँड्रॉइड ६ बरोबर आला. त्यात फोन कार्ड पुसून, कुलूप घालून आपल्यातच जमा करून घेतो. मग त्यावर अ‍ॅप त्यांच्या डेटासकट जाऊ शकतात, हा फायदा. पण त्या कुलपाची किल्ली त्याच फोनमध्ये असते. फोन पाण्यात पडला किंवा फॅक्टरी रीसेट केला, तर कार्ड धडधाकट असूनही त्यातलं काही वाचता येत नाही. शिवाय स्वस्तातलं कार्ड हळू चालतं, आणि त्यावरची अ‍ॅपही मग तशीच रेंगाळतात. सॅमसंगसारख्या कंपन्या हा पर्याय बहुतेक देतच नाहीत. माझं मत विचाराल तर घरच्या फोटोंसाठी Portable च घ्यावं. आणि कुठलाही पर्याय घेताना फोन Format म्हणत असेल तर कार्डावरचं जुनं सगळं जाणार हे धरूनच बटण दाबा.

एक तपासणी आत्ताच करा. ६४ जीबीच्या कार्डावर फोन किंवा कॉम्प्युटर साधारण ५९ दाखवत असेल तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढाच तो फरक. घाबरायचं उलट्या बाबतीत: बाजारात दोनशे-तीनशे रुपयांत '१ टीबी' लिहिलेलं कार्ड मिळालं तर ते खोटं असण्याचीच शक्यता जास्त. असं कार्ड फोनला मोठा आकडा दाखवतं, पण खरी जागा संपली की नवीन फायली जुन्यांवर चढतात किंवा नुसत्या नावापुरत्या उरतात. खूण अशी की यादीत फोटो दिसतो, दाबल्यावर करडा चौकोन येतो. शंका असेल तर विंडोज कॉम्प्युटरवर H2testw नावाचं छोटं साधन चालवा. ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं. त्याला काही तास लागतात, आणि ते रिकाम्या कार्डावरच करावं.

फोटो: आधी कॉपी, मग डोळ्यांनी बघणं, मग पुसणं

फोटो हलवायला दोन वाटा आहेत, Move आणि Copy. Move सोपं वाटतं, पण मध्येच फोन बंद पडला किंवा कार्ड हललं तर काय गेलं आणि काय राहिलं हे शोधत बसावं लागतं. म्हणून मी नेहमी Copy करतो. बॅटरी निम्म्यावर असेल तर चार्जर लावून.

फोनमध्ये Files by Google किंवा सॅमसंगवर My Files असतं. त्यातून फोनची आतली जागा उघडा, DCIM फोल्डर आणि त्यातलं Camera. सगळे एकदम निवडू नका, चार-पाचशेची एक खेप घ्या. मग Copy to, आणि SD card. पहिल्यांदा फोन कार्डावर लिहायची परवानगी मागेल, ती द्या. कार्डावर स्वतःचा एक फोल्डर करा. आम्ही 'घर २०२४' असं नाव दिलं. कार्डावर Android नावाचा एक फोल्डर आपोआप तयार झालेला असतो, त्यात मात्र आपलं काही ठेवू नका. तो अ‍ॅपचा असतो, आणि अ‍ॅप काढून टाकलं की त्यातला त्याचा भाग पुसला जातो.

कार्डावर १० चा आकडा गोल खुणेत असेल तर ते सेकंदाला किमान १० एमबी लिहितं. त्या हिशोबानं ५ जीबीला नऊ मिनिटं पुरावीत. आम्हाला वीसच्या वर लागली, कारण हजारभर लहान फायलींना एका मोठ्या फायलीपेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मामींनी चहा केला.

आता महत्त्वाचं. कॉपी झाल्यावर कार्डावरच्या फोल्डरची फायलींची संख्या आणि एकूण आकार आतल्या फोल्डरशी जुळवून बघा. मग कार्डावरचे पहिले, मधले आणि शेवटचे पाच-पाच फोटो उघडा, एक व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून बघा. सगळं उघडतंय म्हटल्यावरच आतले पुसा. पुसल्यावर जागा वाढलेली दिसली नाही तर Trash बघा, पुसलेलं तिथं तीस दिवस पडून असतं. ते रिकामं केल्याशिवाय एक एमबीही मोकळी होत नाही. "पुसलो की रे, तरी भरलेलंच दाखवायलंय" ही तक्रार निम्म्या वेळा इथंच मिटते.

मामांचा एक व्हिडिओ मात्र काही केल्या जाईना. भाचीच्या लग्नाचा, ५ जीबीच्या वरचा, फोटोवाल्यानं दिलेला. तो मामांच्या फोनमध्ये नव्हता, मामींच्या पेनड्राइव्हवर होता, आणि घरातल्या जुन्या ३२ जीबीच्या कार्डावर घालायचा होता. कार्डावर २० जीबी मोकळे, तरी नकार. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारण FAT32 पद्धतीनं आखलेली असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही. जागा किती मोकळी आहे याचा संबंध नाही. ६४ आणि त्यावरची कार्डं exFAT वर येतात, तिथं ही अट नाही. तो व्हिडिओ आम्ही मामांच्या नव्या कार्डावर घातला.

पुढचे फोटो थेट कार्डावर जावेत म्हणून कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये Storage location असेल तिथं SD card करा. काही फोनमध्ये एकामागोमाग झटझट काढलेले फोटो आणि फार मोठ्या दर्जाचे व्हिडिओ तरीही आतच जातात, कारण कार्डाचा वेग त्याला पुरत नाही. हा बिघाड नव्हे. पर्यायच दिसत नसेल तर त्या कंपनीनं दिलेलाच नाही असं समजा आणि महिन्याला एकदा वरचं काम हातानं करा.

डाउनलोड

यात ताप कमी. Download फोल्डर आकाराप्रमाणे लावून बघा. मामांच्या फोल्डरमध्ये जमिनीच्या पहाणीच्या फायली निघाल्या: RTC.pdf, RTC (1).pdf, असं करत करत RTC (6).pdf पर्यंत. उतारा दाखवायला सांगितला की मामा जुना शोधत नाहीत, नवीन उतरवून घेतात. मी त्यातल्या ताज्या दोन ठेवल्या. साखर कारखान्याच्या काटा पावत्यांचे फोटोही इथंच होते. कामाचं सगळं 'कागद' नावाच्या फोल्डरमध्ये कार्डावर नेलं. ०.९ जीबी गेलं, ०.४ पुसलं.

क्रोममध्ये Settings, मग Downloads, मग Download location इथं SD card निवडता येतं. यूट्यूबमध्ये ऑफलाइन ठेवलेले व्हिडिओ फायलींच्या यादीत शोधू नका. ते बंद कोशात असतात, कॉपी केले तरी दुसरीकडं चालत नाहीत. त्यांच्यासाठी यूट्यूबच्याच सेटिंग्जमध्ये डाउनलोडच्या भागात Use SD card असतं, ते चालू करायचं.

व्हॉट्सअ‍ॅप: इथं अडतं

व्हॉट्सअ‍ॅपला कार्डाचा पर्यायच नाही. मेसेज, फोटो, व्हिडिओ, आवाजाचे निरोप, सगळं फोनच्या आतच हवं असतं. नव्या फोनांत त्याची जागा अशी:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

इथले फोटो आपण कार्डावर कॉपी करू शकतो, पण व्हॉट्सअ‍ॅपला ते कळत नाही. आतला मूळ फोटो पुसला की चॅटमध्ये त्या जागी धुरकट चौकोन राहतो, आणि दाबलं तर फाइल नाही, परत पाठवायला सांगा असं म्हणतं. फोटो कार्डावर सुखरूप असतो, चॅटमधून मात्र तुटतो. हे मान्य असेल त्याच फोटोंना हात लावा.

आणखी एक गंमत, म्हणजे आधी माहीत नसेल तर गंमत नव्हे. कॅमेऱ्याच्या फोटोच्या पोटात काढल्याची तारीख लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना ती काढून टाकतं. त्यामुळं असे फोटो कार्डावर नेले की गॅलरी त्यांना बरेचदा आजच्या तारखेखाली मांडते, मागच्या वर्षीचे गणपती आजच आल्यासारखे वर येऊन बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची तारीख मात्र फाइलच्या नावात असते: IMG-20240907-WA0012.jpg म्हणजे ७ सप्टेंबर २०२४, त्या वर्षीची गणेश चतुर्थी. म्हणून फायलींची नावं बदलू नका, फाइल अ‍ॅपमध्ये नावाप्रमाणे लावून बघा.

मग जागा करायची कशी? व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Storage and data, त्यात Manage storage. तिथं कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत दिसतं. मामांच्या एकाच भजनी मंडळाच्या ग्रुपनं १.६ जीबी खाल्ली होती, तीही बहुतेक सकाळच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंनी. एकूण २.४ जीबी पुसलं. मामा म्हणाले, "त्यातलं अभंगाचं एक राहू दे." ते ठेवलं. शेवटी Media auto-download मध्ये मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं, नाहीतर दोन महिन्यांत परत तेच.

एक धोक्याची सूचना देऊनच पुढं जातो. फोनच्या Settings मधून Apps, व्हॉट्सअ‍ॅप, Storage असं गेलात तर तिथं दोन बटणं असतात. Clear cache निरुपद्रवी आहे. शेजारचं Clear storage, काही फोनांत Clear data, दाबलं तर अ‍ॅप नवीन टाकल्यासारखं होतं आणि बॅकअप नसेल तर मेसेज जातात. जागा करण्याच्या नादात असे मेसेज घालवलेली दोन माणसं आमच्या गल्लीतच आहेत.

अ‍ॅप: 'हलवलं' म्हणजे नक्की काय हललं

Settings मध्ये Apps, हवं ते अ‍ॅप, Storage, आणि तिथं Change नावाचं बटण दिसलं तर ते कार्डावर नेता येतं. बटण नसेल तर नाही. यात आपल्या हातात काहीच नसतं: अ‍ॅप कुठं राहू शकतं हे ते बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि त्यानं काहीच लिहिलं नसेल तर अँड्रॉइड 'फक्त आत' असंच धरतं. शिवाय Portable कार्डावर अ‍ॅप न्यायची सोयच अनेक कंपन्यांच्या फोनांतून काढलेली आहे. मामांच्या फोनमध्ये ती होती.

बनवणारे असं का ठरवतात त्याला कारण आहे. कार्ड कधीही निघू शकतं, आणि निघालं की त्यावरची अ‍ॅप जागच्या जागी बंद पडतात. पहाटेचा गजर, कीबोर्ड, स्क्रीनवर हवामान दाखवणारी पाटी, मागं सतत जागं राहून मेसेज आणणारं अ‍ॅप, हे असं बंद पडून चालत नाही. बँकेची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप याच कारणानं, आणि सुरक्षेसाठीही, आतच राहतात. फोनबरोबर आलेली अ‍ॅप तर सिस्टिमच्या भागात असतात. ती हलत नाहीत, नको असलेल्यांना Disable करून त्यांचे अपडेट काढले तर थोडी जागा मात्र परत मिळते.

राहिली खेळ आणि तत्सम अ‍ॅप. मामांच्या नातवाचा एक खेळ ४१० एमबीचा होता. Change दाबून कार्डावर नेला. मग परत बघितलं, तर फोनमध्ये त्याचे २५० एमबी अजून होतेच. कार्डावर जाते ती मुख्य फाइल. खेळणाऱ्याची नोंद, आतला डेटा आणि अ‍ॅप लवकर उघडावं म्हणून फोननं तयार करून ठेवलेले तुकडे आतच राहतात. अशी चार अ‍ॅप हलवून सगळी मिळून ३०० एमबी सुटली. अ‍ॅप अपडेट झालं की कधीकधी ते परत आत आलेलं दिसतं, तेव्हा पुन्हा तेच. हलवण्यापेक्षा न वापरलेली तीन अ‍ॅप काढून टाकणं फायद्याचं, पण नातवासमोर ते बोलायची सोय नव्हती.

एकूण ९ जीबी सुटली: फोटो ५, व्हॉट्सअ‍ॅप २.४, डाउनलोड १.३, अ‍ॅप ०.३. ०.६ वर असलेली मोकळी जागा ९.६ वर गेली.

निघताना मामा ट्रेची पिन घेऊन बसले, कार्ड काढून मामींना फोटो दाखवायचे म्हणून. थांबवलं. Settings मध्ये Storage, SD card, त्यात Eject किंवा Unmount, आणि फोननं काढा म्हटल्यावरच पिन. लिहिणं चालू असताना उपसलं तर फायलींची यादी बिघडते आणि पुढच्या वेळी फोन कार्ड खराब झालंय म्हणून फॉरमॅट करायला सांगतो. तसं म्हणालाच तर हो म्हणू नका. कार्ड काढून आधी कॉम्प्युटरला लावून बघा, पुष्कळदा तिथं फोटो दिसतात. आणि मूळ फोटो आता आत नाहीत, एकट्या कार्डावर आहेत, हे मामांना दोनदा सांगितलं. भाचीच्या लग्नाचे आणि आजीचे फोटो मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतले, मगच संध्याकाळची बेळगावची बस धरली.